सातबाऱ्यावरचा श्रीमंत

मालवणच्या किनाऱ्यावर मे महिन्याच्या शेवटी एक प्रश्न घरोघर विचारला जातो. शब्द थोडे मागेपुढे होतात, पण सूर तोच: "वाडी आसा, घर आसा, होडी आसा, मगे जूनात उसने पैसे कित्याक काढूचे लागतत?"

प्रश्न रास्त आहे. तारकर्ली किंवा देवबागच्या रस्त्यालगत ज्याची माडाची वाडी आहे, त्याला पुण्याहून आलेला पर्यटक लक्षाधीश समजतो. त्याचं तसं समजणं चूकही नाही. पण तोच वाडीवाला शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात सोन्याची साखळी घेऊन तारण कर्जाच्या खिडकीपाशी उभा असतो. श्रीमंती खरी की ओढाताण खरी? दोन्ही खऱ्या असतात. त्या एकत्र कशा नांदतात ते समजायचं तर एक कागद लिहावा लागतो. त्याचं सरकारी नाव 'मत्ता व दायित्वे विवरण'. बँकेत आणि चार्टर्ड अकाउंटंटकडे त्याला 'नेट वर्थ स्टेटमेंट' म्हणतात.

1. एका वजाबाकीचा कागद

कागदाच्या एका बाजूला कुटुंबाच्या मालकीचं जे काही आहे ते आजच्या किमतीला लिहायचं. दुसऱ्या बाजूला कुटुंब ज्यांचं जे देणं लागतं ते आजच्या आकड्यात लिहायचं. पहिल्या बेरजेतून दुसरी वजा केली की उरते ती निव्वळ मत्ता. महिन्याचा जमाखर्च सांगतो की घागरीत किती पाणी येतं आणि किती जातं. हा कागद सांगतो की या घटकेला घागरीत पाणी किती आहे.

म्हणून या कागदावर तारीख सर्वांत आधी लिहायची. बहुतेक लोक 31 मार्च घेतात, कारण बँका आणि आयकर त्याच तारखेने चालतात. मालवणात मात्र तारखेने फार फरक पडतो. 31 मेला पर्यटनाचा हंगाम नुकताच संपलेला असतो आणि खात्यात चार पैसे असतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. स्कूबा डायव्हिंग आणि किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात. त्यामुळे 31 जुलैला त्याच घराचा कागद लिहिला तर आकडा वेगळा येतो. कोणती तारीख घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवावं, पण एकदा ठरवली की दरवर्षी तीच ठेवावी. नाहीतर यंदाच्या भरतीची तुलना गेल्या वर्षीच्या ओहोटीशी होते.

2. नमुना गावातच टांगलेला असतो

असा कागद कसा दिसतो हे पाहायला कुठे लांब जावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या खटल्यात निकाल दिला, 2003 मध्ये तो पुन्हा पक्का केला, आणि तेव्हापासून लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपली मत्ता आणि देणी शपथपत्रावर जाहीर करावी लागतात. या शपथपत्राला नमुना 26 म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेसाठी किंवा कुडाळ विधानसभेसाठी कोणीही उभा राहिला, तरी त्याचा हा कागद मालवणातल्या मतदाराला वाचता येतो. चहाच्या टपरीवर त्यातला एकच आकडा चघळला जातो, तो म्हणजे एकूण बेरीज. खरी हुशारी मात्र त्याच्या रकान्यांत आहे.

उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेली माणसं, प्रत्येकाला वेगळा रकाना आहे. सोनं लिहायचं तर वजन आणि किंमत दोन्ही द्यावी लागतात. जमीन लिहायची तर ती वारशाने आली की विकत घेतली, कधी घेतली, केवढ्याला घेतली, तिच्यावर काय खर्च केला आणि आज बाजारात अंदाजे काय येईल, हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. देण्याच्या बाजूला फक्त बँकेचं कर्ज नसतं. व्यक्तींकडून घेतलेले पैसे आणि सरकारी थकबाकीही असते. घरगुती कागदासाठी याहून चांगला साचा शोधण्याची गरज नाही.

पण साचा चांगला असला म्हणून आत भरलेला आकडा खरा ठरतो असं नाही. ते पाहण्यासाठी एक घर घेऊ.

3. पहिला कागद: एक कोटी चौसष्ट लाख

हे घर कल्पनेतलं आहे, पण मालवण तालुक्यात त्याच्यासारखी अनेक सापडतील. घरधनी पन्नाशीचा, सोबत बायको, म्हातारी आई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. फायबरची छोटी होडी आहे, तिला आउटबोर्ड इंजिन आहे. घराला लागून दोन खोल्या काढून न्याहारी निवास चालवतात. भाऊ मुंबईत, बहीण लग्न होऊन डोंबिवलीला. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून गोळाबेरीज धरले आहेत.

घरधन्याने 31 मे ही तारीख धरून पहिल्यांदा कागद लिहिला तो असा. सातबाऱ्यावर 40 गुंठे वाडी, रस्त्याकडे गुंठ्याला 3 लाख भाव सांगतात, म्हणून 1 कोटी 20 लाख. घर आणि खोल्या 25 लाख. होडी, इंजिन, जाळी मिळून 6 लाखांना घेतली होती, म्हणून 6 लाख. बायकोचं दहा तोळे सोनं, तोळ्याला लाख धरून 10 लाख. विम्याची पॉलिसी 5 लाखांची, म्हणून 5 लाख. पतसंस्थेत 3 लाखांची ठेव, बँकेत 60 हजार, मोटारसायकल 40 हजार. एकूण 1 कोटी 70 लाख. देणं एकच: खोल्यांसाठी काढलेलं कर्ज, 12,500 रुपयांचे 48 हप्ते बाकी, म्हणून 6 लाख. वजा जाता 1 कोटी 64 लाख.

या कागदात घरधनी कुठेही खोटं बोललेला नाही. तरीही जवळजवळ प्रत्येक ओळ चुकली आहे, आणि प्रत्येक चुकीची जात निराळी आहे.

4. चाळीस गुंठ्यांचे अडीच गुंठे कसे होतात

सर्वांत मोठी ओळ सर्वांत आधी. वाडी आजोबांनी स्वतः घेतलेली. ते मृत्युपत्र न करता गेले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. आजी आधीच गेलेली. तीन मुलगे आणि एक मुलगी मागे राहिली. म्हणजे प्रत्येकी 10 गुंठे. घरधन्याचे वडील या चारांपैकी एक. तेही मृत्युपत्र न करता गेले. त्यांच्या मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी, असे चार वारस. 10 गुंठ्यांचे चार भाग केले की घरधन्याच्या वाट्याला येतात अडीच गुंठे. आईचे अडीच निराळे.

(मिळकत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वडिलोपार्जित असेल तर वाटण्यांचं गणित यापेक्षा किचकट होतं आणि वकिलाला विचारल्याशिवाय ते मांडू नये. इथे सोपा प्रकार घेतला आहे.)

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे पूर्ण सातबारा आपला, असं कोकणात कोणी उघड म्हणत नाही, पण मनातल्या हिशेबात मात्र तसंच धरलं जातं. जो वाडी राखतो, माडाला पाणी घालतो, नारळ पाडतो, त्याला ती आपली वाटणं साहजिक आहे. गंमत अशी की मुंबईतला चुलतभाऊही आपल्या हिशेबात तीच वाडी धरून बसलेला असतो. म्हणजे एकच 40 गुंठे तीन-चार घरांच्या श्रीमंतीत पुन्हापुन्हा मोजले जातात.

मग अडीच गुंठ्यांची किंमत साडेसात लाख लिहायची का? तेवढीही नाही. वाटणी न झालेला हिस्सा विकत घेणाऱ्याला नेमकी कुठली जमीन मिळणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो भाव पाडून मागतो. शिवाय 3 लाखांचा भाव रस्त्याकडेच्या, बांधकाम करता येईल अशा जागेचा. भरतीरेषेजवळच्या जमिनीवर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध असतात आणि तिथे तो भाव लागू होत नाही. भावाचा अंदाज घ्यायला सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, पाहता येतो. तो मुद्रांक शुल्कासाठी केलेला असल्याने बाजारभाव त्याच्या वर किंवा खाली असू शकतो, पण "अमक्याने तमक्याला केवढ्याला विकली" या ऐकीव आकड्यापेक्षा तो बरा. हे सगळं धरून घरधन्याच्या हिश्शाचे 5 लाख लिहू. आईच्या हिश्शाचे 5 लाख वेगळ्या ओळीत, तिच्या नावाने. ती घरात राहते म्हणून तिचा हिस्सा कुटुंबाच्या कागदावर येतो; तिच्या पश्चात तो कुणाकडे जाईल हे आजच कोणी लिहून ठेवू नये.

1 कोटी 20 लाखांचे 10 लाख झाले. कागदावरची निम्म्याहून जास्त श्रीमंती एका ओळीत गेली, आणि वाडीतला एक नारळही हलला नाही.

5. बाकीच्या ओळी

घर त्याने स्वतः बांधलं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर, त्याचं नाव आहे. पण तो उतारा कर कोणी भरायचा हे सांगतो. खालची जमीन कोणाची हे सांगत नाही, आणि ती सामाईक आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलं, दोन नव्या खोल्या, झालेलं वय आणि खालच्या जमिनीचा गुंता लक्षात घेऊन 18 लाख धरू.

होडी 6 लाखांना घेतली होती हे खरं, पण खाऱ्या पाण्यात इंजिन झपाट्याने जुनं होतं आणि जाळी तर दर हंगामात फाटतात. आज दुसऱ्याला विकायची म्हटली तर 3 लाख. मत्तेच्या बाजूला खरेदीची किंमत कधीच लिहायची नसते. आज विकली तर हातात काय पडेल तेवढीच लिहायची. होडीच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा होड्या, घरं आणि बागांचं नुकसान झालं. विमा नसलेल्या होडीचे 3 लाख हे वादळ येईपर्यंतचे 3 लाख आहेत, असं शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवायला हरकत नाही.

सोन्याचं उलटं आहे. किंमत रोज कळते, पण दागिना विकायला गेलं की घडणावळ परत मिळत नाही, खडे वजनातून जातात आणि बावीस कॅरेटला चोवीसचा भाव मिळत नाही. म्हणून दहा तोळ्यांचे साडेआठ लाख. त्यातही हे दागिने बायकोचं स्त्रीधन आहे. कायद्याने ते तिचं, म्हणून रकाना तिचा.

विम्याच्या पॉलिसीवर छापलेले 5 लाख मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर मिळायचे आहेत. आज पॉलिसी परत केली तर मिळते ती सरेंडर व्हॅल्यू, आणि ती बहुतेक वेळा भरलेल्या हप्त्यांच्या बेरजेपेक्षाही कमी असते. कंपनीच्या कार्यालयात विचारलं तर नेमका आकडा सांगतात. इथे तो 1 लाख 90 हजार धरू.

पतसंस्थेची ठेव 3 लाखच आहे, आकडा बदलत नाही. पण ती बँकेतल्या ठेवीच्या ओळीत टाकू नये. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकाही त्यात आल्या, फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवींना हे संरक्षण नाही. म्हणून तिची ओळ वेगळी.

दुरुस्त केलेली मत्ता अशी: दोघांची जमीन 10 लाख, घर 18, होडी 3, सोनं साडेआठ, विमा 1.9, ठेव 3, बँक 0.6, मोटारसायकल 0.4. एकूण 45 लाख 40 हजार.

6. जी देणी कोणी लिहीत नाही

देण्याच्या बाजूला घरधन्याची पहिली चूक त्याच्याच विरुद्ध होती. राहिलेल्या 48 हप्त्यांची बेरीज 6 लाख येते खरी, पण त्यात पुढच्या चार वर्षांचं व्याजही आहे, आणि ते व्याज अजून लागलेलं नाही. आजचं देणं म्हणजे आज कर्ज फेडून टाकायचं म्हटलं तर बँक मागेल ती मुद्दल. वर्षाला 11 टक्के व्याज असेल तर ती येते सुमारे 4 लाख 80 हजार. बँकेच्या खातेउताऱ्यावर हा आकडा थेट मिळतो.

मग त्याने काय लिहिलं नाही? दहा तोळ्यांपैकी चार तोळे गेल्या गणपतीपासून तारण आहेत, त्यावर 2 लाख 40 हजार. सोन्याचं कर्ज लोकांना कर्ज वाटत नाही, कारण वस्तू आपलीच आहे आणि ती "सोडवून आणायची" आहे. मासे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून हंगामाआधी घेतलेली उचल 1 लाख. ती मासळीतून वळती होते, म्हणून तीही कर्ज वाटत नाही. पण उचल असेपर्यंत मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यावी लागते आणि भावावर बोलायला तोंड राहत नाही. त्या अर्थाने हे घरातलं सर्वांत महाग कर्ज असू शकतं. आणि मुंबईच्या भावाने दिलेले 80 हजार. भावाचं देणं कागदावर लिहायला संकोच वाटतो. भावाने मात्र ते लिहून ठेवलेलं असतं.

एकूण देणं 9 लाख. निव्वळ मत्ता 36 लाख 40 हजार.

एक ओळ तरीही उरते, आणि ती बेरजेत येत नाही. शेजाऱ्याच्या नौकेच्या 5 लाखांच्या कर्जाला घरधनी जामीन आहे. शेजारी हप्ते भरतो तोवर हे देणं शून्य. पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणारी संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग आपल्याकडे येईल, असा कोणताही क्रम ठरलेला नाही. सहकारी संस्थेला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवून जामीनदाराकडूनही वसुली करता येते. "नुसती सही केलीय" हे किनाऱ्यावरचं सर्वांत धोक्याचं वाक्य असेल. कागदाच्या तळाशी रेघ मारून हे 5 लाख लिहावेत आणि दर वर्षी शेजाऱ्याला विचारावं की किती राहिले.

7. आकडा काय सांगतो

36 लाख 40 हजार. हा आकडा बरा की वाईट?

तुलनेसाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा 2019 चा कर्ज व गुंतवणूक अहवाल हाताशी आहे. त्यात देशातल्या ग्रामीण कुटुंबाची सरासरी मत्ता 15 लाख 92 हजार आणि सरासरी कर्ज सुमारे 60 हजार निघालं. त्या मानाने हे घर वरचढ दिसतं. पण मधल्या वर्षांत भाव वाढले आहेत, आणि अशा सरासरीत जमीनदार आणि भूमिहीन एकाच तराजूत तोलले जातात. त्या अहवालातून खरं उचलण्याजोगं दुसरंच काही आहे: ग्रामीण कुटुंबाच्या मत्तेतल्या दर दहा रुपयांपैकी सुमारे नऊ रुपये जमीन आणि इमारतीत अडकलेले होते. मालवणचं घर त्याच जातीचं आहे.

म्हणून एका आकड्यावर थांबू नये. मत्तेचे थर पाडावेत, आणि ते पाडताना एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू किती दिवसांत आणि किती जणांच्या सहीने पैशात बदलेल?

बँकेतले 60 हजार आजच्या आज मिळतात. ठेव मुदतीची आहे. ती मोडली तर व्याज जातं आणि दोन-चार दिवसही लागतात, पण ती मिळते. तारण नसलेले सहा तोळे, म्हणजे 5 लाख 10 हजार, एका दिवसात मिळतात, फक्त बायकोच्या होकाराने. विमा आणि होडी काही आठवडे-महिने घेतात, आणि होडी विकली तर कमाईच विकली. घर आणि वाडी, मिळून 28 लाख, चुलत्यांच्या, आत्याच्या, भावाच्या आणि बहिणीच्या सह्यांशिवाय हलत नाहीत. त्यातले काही जण मुंबईत, एखादा आखातात.

घर आणि जमीन बाजूला ठेवली की मत्ता उरते 17 लाख 40 हजार. देणं 9 लाख तसंच राहतं. निव्वळ 8 लाख 40 हजार. सुरुवातीच्या एक कोटी चौसष्ट लाखांपासून हा माणूस इथवर उतरला आहे, आणि रोजचा संसार याच आकड्यावर चालतो.

आता जूनच्या प्रश्नाचं उत्तर काढता येतं. घरखर्च महिन्याला 22 हजार, कर्जाचा हप्ता साडेबारा हजार, सोनेतारणाचं व्याज आणि विम्याचा हप्ता मिळून अडीच हजार. म्हणजे महिन्याला 37 हजार. बंदीच्या दोन महिन्यांचे 74 हजार. याच दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करायची असते, त्याला 40 हजार. एकूण 1 लाख 14 हजार. खात्यात 60 हजार. खड्डा 54 हजारांचा. कॉलेजची फी अजून धरलेलीच नाही. ठेव मोडवत नाही, म्हणून आणखी दोन तोळे तारण जातात किंवा व्यापाऱ्याकडे उचल वाढते. 36 लाखांच्या घराला 54 हजारांची अडचण येते, कारण अडचण श्रीमंतीची नसून वरच्या थराची आहे.

यातून एक साधं माप निघतं. या घराच्या वरच्या थरात, हंगाम संपताना, बंदीचे दोन महिने आणि डागडुजी यांची बेरीज तरी सुटी हवी. इथे ती 1 लाख 14 हजार. शहरातल्या नोकरदाराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतात. किनाऱ्यावर महिने मोजण्यापेक्षा बंदीचे दिवस मोजणं जास्त खरं, कारण ते दरवर्षी ठरलेल्या तारखेला येतात. घरधन्याजवळ 3 लाखांची ठेव आहे. त्यातले सव्वा लाख 31 मेला संपणाऱ्या मुदतीत ठेवले असते, तर तोळे घरात राहिले असते. ठेव तेवढीच, निव्वळ मत्ता तेवढीच, फक्त मुदतीची तारीख बदलली.

8. पुढच्या वर्षी तोच कागद

31 जुलैला हाच कागद पुन्हा लिहिला तर निव्वळ मत्ता सुमारे 98 हजारांनी कमी झालेली दिसेल. खर्च झाला 1 लाख 14 हजार, पण दोन हप्त्यांतून जवळपास 16 हजारांची मुद्दल फिटली, तेवढं देणं घटलं. ही घट बघून घाबरायचं कारण नाही. ती ओहोटी आहे. म्हणूनच तुलना 31 मेची पुढच्या 31 मेशी करायची.

आणि ती करताना एक पथ्य पाळावं: जमिनीचा आणि सोन्याचा भाव मागच्या वर्षीचाच ठेवून एकदा बेरीज करावी. समजा, पुढच्या वर्षी एखादं रिसॉर्ट आलं आणि गुंठ्याचा भाव 3 चा 4 लाख झाला. घरधन्याची आणि आईची जमीन मिळून 10 लाखांची 13 लाखांच्या पुढे जाईल, निव्वळ मत्ता 40 लाखांकडे सरकेल, आणि त्याच वर्षी उचल 1 लाखाची 2 लाख झाली असेल, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. जुन्या भावाने हिशेब केला तर लगेच दिसेल की घर लाखाने मागे गेलं. भाववाढ खोटी नसते, पण ती कमाई नव्हे. घराने वर्षभरात स्वतः काय केलं हे पाहायला देणं किती घटलं आणि वरचा थर किती वाढला, एवढ्या दोनच ओळी पुरतात.

सर्वांत खालचा थर कधी वर येऊ शकतो का? सगळे सहहिस्सेदार एकत्र असण्याचे दिवस वर्षातून एकदा येतात, गणपतीत. वाटणीचा विषय तेव्हाच निघतो आणि बहुधा तेव्हाच मोडतो. सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येतो. पण दोन-अडीच गुंठ्यांचे तुकडे पाडायला तुकडेबंदी कायद्याची अडचण येते. त्यात सवलती येत असतात, त्या तलाठी किंवा तहसील कार्यालयात ताज्या ताज्या विचाराव्यात. म्हणून पुष्कळ घरं दुसरी वाट धरतात. जो वाडीत राहतो त्याच्या बाजूने बाकीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतात, कधी पैसे घेऊन, कधी न घेता.

डोंबिवलीच्या बहिणीने असं हक्कसोडपत्र आई आणि दोन्ही भावांच्या बाजूने करून दिलं, तर वडिलांच्या 10 गुंठ्यांचे चाराऐवजी तीन भाग होतील आणि घरधन्याच्या अडीच गुंठ्यांचे सव्वातीनहून थोडे जास्त. त्याच्या कागदावर ही वाढ सहज दिसेल. पण कागद बहिणीच्या घरीही आहे. तिने तो कधी लिहिला असेल तर त्यातही एक ओळ आहे, मालवणची जमीन, अडीच गुंठे, 5 लाख. सही झाली की ती ओळ तिथून कायमची खोडली जाते. गणपतीत आरती झाल्यावर "सही करून टाक गो" म्हणणाऱ्याने आपण तिच्याकडून नेमकं किती मागतो आहोत, तो आकडा आधी तिला सांगावा. तो त्याच्या स्वतःच्या कागदावर लिहिलेला आहेच.